पेन्शन विकायची की पूर्ण घ्यायची? स्वतःचे पेपर समोर ठेवून हिशोब कसा करायचा

रिटायरमेंट सहा-आठ महिन्यांवर आली की ऑफिसात प्रत्येकजण सल्ला देतो. एकजण म्हणतो चाळीस टक्के डोळे मिटून विका, सरकारचा पैसा आधी हातात घ्या, दुसरा म्हणतो अजिबात विकू नका, पंधरा वर्षं कापून घेतात आणि दुप्पट वसूल करतात. गंमत म्हणजे दोघांचंही थोडं थोडं खरं असतं आणि दोघांनीही गणित केलेलं नसतं. गणित अवघड नाही, तुमचे स्वतःचे तीन-चार आकडे लागतात आणि मोबाईलमधलं एक्सेल चालेल.

हे सगळं जुनी पेन्शन असलेल्यांसाठी आहे. महाराष्ट्र शासनात 1 नोव्हेंबर 2005 किंवा नंतर लागलेले आणि केंद्रात 1 जानेवारी 2004 किंवा नंतर लागलेले जे एनपीएसमध्ये आहेत त्यांचे नियम वेगळे, त्यांनी हे वाचून गोंधळ करून घेऊ नका.

पायरी 1 : पेपर काढा आणि पाच आकडे लिहा

आपण ज्याला पेन्शन विक्री म्हणतो त्याचं सरकारी नाव अंशराशीकरण. राज्यात त्यासाठी 1984 चे नियम आहेत, केंद्रात 1981 चे. केस मंजूर झाली की महालेखापाल कार्यालयाकडून तीन आदेश निघतात, पेन्शनचा पीपीओ, ग्रॅच्युइटीचा जीपीओ आणि विक्रीचा सीपीओ. पण निर्णय त्याच्या आधीच घ्यायचा असतो, त्यामुळे तुमच्या हातात असायला हवं ते आस्थापनेने प्रस्तावासोबत लावलेलं पेन्शन गणनेचं पत्रक. त्याची झेरॉक्स मागून घ्या, द्यायला कोणी नाही म्हणत नाही, फक्त मागावी लागते.

त्यातून एका कागदावर हे लिहून घ्या : मूळ पेन्शन किती, त्यातला विकायचा भाग किती रुपये, विक्रीनंतर उरणारी पेन्शन किती, कोणता फॅक्टर लावलाय, आणि एकरकमी रक्कम किती येतेय.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. राज्य शासनातले एक भाऊसाहेब 58 पूर्ण करून निवृत्त होतायत, शेवटचा मूळ पगार 60,000. (पगाराच्या मॅट्रिक्समध्ये असा गोल आकडा मिळेलच असं नाही, हिशोब सोपा जावा म्हणून धरलाय.) सेवा पूर्ण, म्हणून पेन्शन निम्मी, 30,000. जास्तीत जास्त 40 टक्के विकता येते, म्हणजे 12,000. उरली 18,000.

फॅक्टर म्हणजे वयाप्रमाणे ठरवून दिलेला गुणक. इथे पुढच्या वाढदिवसाला होणारं वय बघतात, आजचं नाही. भाऊसाहेब 58 ला निवृत्त झाले तर पुढचा वाढदिवस 59 वा, आणि 59 चा फॅक्टर 8.371. केंद्राचे लोक 60 ला निवृत्त होतात, त्यांचं पुढचं वय 61, फॅक्टर 8.194. जसं वय वाढतं तसा फॅक्टर उतरतो.

रक्कम काढायची अशी : महिन्याचा विकलेला भाग गुणिले 12 गुणिले फॅक्टर. 12,000 × 12 × 8.371 = 12,05,424 रुपये. तुमच्या पत्रकातला आकडा असाच जुळला पाहिजे. जुळत नसेल तर बहुतेक वेळा वय एक वर्ष मागेपुढे धरलेलं असतं किंवा मूळ पेन्शनच चुकलेली असते, आणि ते आत्ता दुरुस्त करायला एक अर्ज पुरतो, सीपीओ निघाल्यावर तेच काम महिनोन्महिने चालतं.

पायरी 2 : नक्की काय कापलं जातं ते समजून घ्या

विक्री केल्यावर महिन्याला 12,000 कमी मिळणार, आणि हे 15 वर्षं चालणार. 15 वर्षांनी पूर्ण पेन्शन परत चालू होते. सुप्रीम कोर्टाच्या 1986 च्या निकालापासून ही 15 वर्षांची मुदत रूढ झालीय. पाचव्या केंद्रीय वेतन आयोगाने ती 12 वर आणा म्हणून सुचवलं होतं, केंद्राने ते घेतलं नाही, केरळ सरकार मात्र 12 वर्षांनीच पूर्ववत करतं. हा वाद चालूच राहणार, उद्या मुदत कमी झाली तर उत्तम, पण हिशोब 15 धरूनच करा.

आता बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट. महागाई भत्ता उरलेल्या 18,000 वर मिळत नाही, पूर्ण 30,000 वरच मिळतो. समजा भत्ता 50 टक्के आहे. विक्री न करता भाऊसाहेबांना 30,000 अधिक 15,000 असे 45,000 मिळाले असते. विक्री करून 18,000 अधिक तेच 15,000, म्हणजे 33,000. म्हणजे मूळ पेन्शनच्या 40 टक्के विकले तरी हातात येणारी रक्कम 27 टक्क्यांच्या आसपासच कमी झाली. शिवाय भत्ता वाढत जातो आणि कापले जाणारे 12,000 मात्र 12,000 च राहतात, वेतन आयोगाने पेन्शन वाढवली तरी जुन्या पेन्शनरचा विकलेला भाग रुपयांत तेवढाच राहतो. पहिल्या दोन वर्षांत ही कपात जेवढी टोचते तेवढी दहाव्या वर्षी टोचत नाही.

दुसरी गोष्ट, फॅमिली पेन्शन. बायकोला किंवा नवऱ्याला नंतर मिळणारी पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते, विक्रीनंतरच्या कमी पेन्शनवर नाही. भाऊसाहेबांच्या केसमध्ये नेहमीच्या दराने ती 60,000 च्या 30 टक्के म्हणजे 18,000, विक्री केली काय न केली काय. आणि पेन्शनर 15 वर्षांच्या आत गेला तर राहिलेली वसुली कोणाकडूनही होत नाही, वारसांकडून नाही, फॅमिली पेन्शनमधूनही नाही. हे वाक्य नीट लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं गणित याच्यावर उभं आहे.

पायरी 3 : हे कर्ज समजा आणि व्याजदर काढा

सरकारने तुम्हाला 12,05,424 दिले आणि तुम्ही 12,000 चा हप्ता 180 महिने फेडणार, एवढाच हा व्यवहार. एकूण फेड 21,60,000. इथेच लोक ओरडतात की बाराचे एकवीस घेतात, लूट आहे. पण पंधरा वर्षांचं कुठलंही कर्ज घ्या, एकूण फेड अशीच दिसते, बँकेचं होमलोन घेताना आपण बेरीज करून रडत नाही, व्याजदर विचारतो. तसंच इथे करायचं.

एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटमध्ये कुठल्याही सेलमध्ये हे टाका :

```
=RATE(180,-12000,1205424)*12
```

उत्तर येईल 0.0868 च्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे 8.7 टक्के. सेल टक्केवारीत फॉरमॅट असेल तर 9% दिसेल, पूर्ण आकड्यात असेल तर 0, दशांश वाढवून बघा. तुमचे आकडे टाकताना हप्त्याला उणे चिन्ह द्यायला विसरू नका, नाहीतर उत्तराऐवजी एरर येते.

खरंतर पेन्शन कमी असो जास्त असो, 58 ला निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला हाच दर येतो, कारण दर ठरतो फॅक्टर आणि मुदतीवरून. 60 ला निवृत्त होणाऱ्याचा फॅक्टर कमी असल्यामुळे दर थोडा वर जातो, 9 टक्क्यांच्या जरासा पुढे. म्हणजे विकायची की नाही याचं अर्धं उत्तर सगळ्यांना सारखंच आहे, उरलेलं अर्धं ज्याचं त्याचं.

पायरी 4 : आयुष्याचा आकडा योग्य जागी लावा

इथे सगळ्यात जास्त गडबड होते, म्हणून जरा थांबतो.

पहिली गडबड अशी. पेपरात वाचलेलं असतं की भारतात सरासरी आयुर्मान सत्तरच्या आसपास. मग माणूस म्हणतो मी 58 चा, म्हणजे बाराच वर्षं उरली, 15 वर्षं कपात कोण बघतोय, विकून टाका. पण तो सत्तरचा आकडा जन्मलेल्या बाळाचा आहे, त्यात लहानपणी आणि तरुणपणी गेलेले सगळे धरलेत. जो 58 पर्यंत पोचला त्याने ते सगळे धोके पार केलेत. महानिबंधक कार्यालय नमुना नोंदणी पद्धतीवरून जीवन सारण्या काढतं, राज्यवार, पुरुष-स्त्री वेगवेगळ्या. त्यात 60 च्या ओळीत बघा, देशपातळीवर तिथून पुढचं सरासरी आयुष्य साधारण सतरा-अठरा वर्षं निघतं, बायकांचं पुरुषांपेक्षा जास्त. 58 ला अजून थोडं जास्त. आणि नियमित पगार, दवाखान्याचा खर्च परवडणारं घर असलेला सरकारी नोकर सगळ्या लोकसंख्येच्या सरासरीपेक्षा कमी जगेल असं मानायला काही कारण नाही. म्हणजे भाऊसाहेबांनी सरासरीने 75 पार करायचं धरूनच चाललं पाहिजे.

दुसरी गडबड याच्या उलटी. आमच्याकडे सगळे नव्वदीपर्यंत जगतात, मग विक्री करणं म्हणजे केवढा तोटा, असं म्हणणारे. अहो, कपात 15 वर्षांनी थांबते. तुम्ही 74 ला गेलात काय आणि 94 ला गेलात काय, विक्रीचा खर्च तेवढाच, तेच 8.7 टक्के. पंधरा वर्षांच्या पुढचं आयुष्य या हिशोबात येतच नाही. (पूर्वी पेन्शन पुन्हा चालूच होत नसे तेव्हाची ही भीती आहे, ती अजून फिरतेय.)

म्हणजे प्रश्न किती जगणार हा नाहीच. 15 वर्षांच्या आत जाण्याची शक्यता किती, एवढाच प्रश्न आहे. आणि आत गेलं तर काय होतं ते बघा, वरच्याच फॉर्म्युल्यात 180 च्या जागी तेवढे महिने टाकायचे.

भाऊसाहेब पाचव्या वर्षी गेले तर तोपर्यंत कपात झाली 7,20,000. मिळाले होते 12,05,424. घरच्यांकडे जवळजवळ 4,85,000 जास्तीचे राहिले, जे पूर्ण पेन्शन घेतली असती तर मिळालेच नसते.

साधारण 8 वर्षं साडेचार महिन्यांनी गेले तर जेवढं घेतलं तेवढंच फेडलं, बिनव्याजी. (हा आकडा लक्षात ठेवायला सोपा, फॅक्टर 8.371 म्हणजेच 8.371 वर्षं.)

दहाव्या वर्षी गेले तर व्याज पडलं साधारण 3.6 टक्के. बाराव्या वर्षी गेले तर 6.4 च्या आसपास. पंधरा किंवा त्यापुढे कितीही, 8.7.

दिसतंय का काय आहे ते? हे असं कर्ज आहे की घेणारा मेला तर बाकी माफ, आणि त्यासाठी वेगळा विम्याचा हप्ता नाही. बँक 58 वर्षांच्या माणसाला असं कर्ज देणार नाही. लांब जगलात तर दर बाजारातल्या कर्जाइतका, लवकर गेलात तर घरच्यांना फायदा.

तुमची स्वतःची शक्यता काढायची असेल तर त्याच सारणीत, सुरुवातीच्या एक लाखापैकी त्या त्या वयाला किती जिवंत राहिले असा एक रकाना असतो. 75 च्या ओळीतला आकडा भागिले 60 च्या ओळीतला आकडा, म्हणजे साठीतल्या शंभरातले किती जण पुढची 15 वर्षं पूर्ण करतात ते मिळतं. मग त्यात स्वतःची तब्येत मिसळा, शुगर, बीपी, हार्टची ट्रीटमेंट, आईवडील कोणत्या वयात गेले. हे काही अचूक शास्त्र नाही, पण सरासरीपेक्षा आपण वर की खाली एवढं प्रत्येकाला प्रामाणिकपणे कळतं.

एक गोष्ट थोडी अवघड आहे पण सांगायला पाहिजे. नियत वयाने निवृत्त होणाऱ्याने एक वर्षाच्या आत अर्ज केला तर विक्रीसाठी मेडिकल तपासणी लागत नाही. ज्याला गंभीर आजार आहे त्यालाही तोच 8.371 फॅक्टर मिळतो. अशा घरात विक्री करायची की नाही यावर फार चर्चा करायची गरजच नाही, पूर्ण 40 टक्के करा आणि नॉमिनेशन नीट भरा. वर्ष उलटून गेलं की मात्र मेडिकल बोर्डासमोर जावं लागतं, आणि तिथे तब्येत बघून वय वाढवून धरलं जाऊ शकतं, म्हणजे फॅक्टर अजून खाली.

पायरी 5 : पैसा कुठे जाणार ते लिहा, मगच टक्का ठरवा

आता खरा निर्णय. 8.7 टक्क्याने घेतलेला पैसा तुम्ही कशासाठी वापरणार?

डोक्यावर 9-10 टक्क्यांचं होमलोन किंवा त्याहून महाग पर्सनल लोन असेल, सोसायटीचं कर्ज असेल, तर विक्री करून ते फेडणं सरळ फायद्याचं. महाग कर्ज जातं, त्याच्या जागी स्वस्त आणि मेल्यावर माफ होणारं कर्ज येतं. इथे मला दुसरी बाजूच दिसत नाही. फक्त आधी ग्रॅच्युइटी, जीपीएफ आणि रजेचे पैसे धरून बघा, त्यातच कर्ज मिटत असेल तर विक्रीचं कारण हे राहत नाही.

कर्ज नाही आणि पैसा नुसता गुंतवायचाय, तर? बहुतेक जण पोस्टाची सीनियर सिटिझन स्कीम धरतात, 60 च्या आत निवृत्त झालेल्यालाही निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत ती उघडता येते, मर्यादा 30 लाख. एप्रिल 2023 ला तिचा दर 8.2 झाला, तोच धरतो, तुम्ही उघडाल त्या तिमाहीचा दर बघून घ्या.

भाऊसाहेबांनी 12,05,000 तिथे टाकले तर तीन महिन्यांनी 24,700 च्या आसपास व्याज, महिन्याला पडतं साधारण 8,230. पेन्शन कमी झाली 12,000 ने. म्हणजे दरमहा 3,770 चा खड्डा पडला, पण 12,05,000 मुद्दल शाबूत.

उलट, शेजारच्या टेबलावरचे साहेब पूर्ण पेन्शन घेतायत आणि बरोबरीने जगतायत, म्हणजे तेही दरमहा 3,770 बाजूला टाकतात. 15 वर्षांनी त्यांच्याकडे किती जमले? त्यांनाही 8.2 मिळाले तर सव्वातेरा लाखांच्या आसपास. रिकरिंगला 6.7 मिळाले तर 11 लाख 60 हजारांच्या आसपास. भाऊसाहेबांकडे 12 लाख 5 हजार. म्हणजे 15 वर्षं दोघंही जगले तर फरक लाखभर इकडे नाहीतर तिकडे, बस. ज्या प्रश्नावर लोक वर्षभर भांडतात त्याचं उत्तर जवळजवळ बरोबरीचं आहे. आणि दोघांपैकी कोणी मधेच गेला तर भाऊसाहेबांचं घर स्पष्ट पुढे.

पण यात दोन पाचर आहेत. सीनियर सिटिझन स्कीम पाच वर्षांची, मुदत वाढवताना किंवा पुन्हा उघडताना त्या वेळचा दर मिळणार, 8.2 पंधरा वर्षं टिकेल याची गॅरंटी कोणी देत नाही, आणि तुमची 12,000 ची कपात मात्र फिक्स आहे. दुसरी पाचर जास्त मोठी. हे गणित मुद्दल शाबूत राहिलं तर. बारा लाख खात्यावर आले की घरात प्रत्येकाला गरज आठवते, मुलाचा धंदा, मुलीच्या घराचं डाउनपेमेंट, मेहुण्याने दाखवलेला प्लॉट. महिन्याची पेन्शन मागायला कोणी येत नाही, एकरकमी पैसा मागायला सगळे येतात. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याने पूर्ण पेन्शन घ्यावी, माझं तर स्पष्ट मत आहे, लाखभराच्या फायद्यापेक्षा ते सुरक्षित.

आणि पैसा सेव्हिंग अकाउंटला किंवा साध्या एफडीत पडून राहणार असेल तर विकू नका. 8.7 ने उचलून 3 ने नाहीतर साडेसहाने ठेवायचं याला काही अर्थ नाही, फक्त तो मृत्यूनंतरच्या माफीचा भाग सोडला तर.

टॅक्सचं थोडक्यात. सरकारी नोकराला मिळालेली विक्रीची रक्कम पूर्ण करमुक्त असते, महिन्याची पेन्शन करपात्र. भाऊसाहेबांसारख्याला नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष 2025-26 पासून 12 लाखांपर्यंत टॅक्सच लागत नाही, त्यामुळे त्यांना यातून काही मिळत नाही. पण मोठी पेन्शन आणि वर भाडं-व्याज असलेल्या, वरचा शेवटचा टप्पा 20 टक्क्यांचा असलेल्या अधिकाऱ्याचं बघा. त्याचे 12,000 कापले नसते तरी हातात 9,600 च आले असते, म्हणून फॉर्म्युल्यात हप्ता 9,600 टाका, दर 8.7 वरून 5 टक्क्यांच्या आसपास येतो. अशा माणसाने विक्री न करायला फार भक्कम कारण पाहिजे. उलट पैसे गुंतवून येणारं व्याजही करपात्र आहे हे विसरू नका, एका बाजूचा टॅक्स धरून दुसरीकडचा सोडला की हिशोब खोटा होतो.

अजून एक, 40 टक्के ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. 15 विका, 20 विका. कर्ज मिटवायला सहा लाख कमी पडतायत तर तेवढ्यापुरतंच : 6,00,000 भागिले (12 × 8.371) म्हणजे महिन्याला 5,973, मूळ पेन्शनच्या 20 टक्क्यांच्या किंचित आत. अर्जात 20 टक्के लिहा, झालं. ऑफिसात क्लार्क सवयीने 40 भरून पुढे करतो, सही करायच्या आधी तो रकाना वाचा.

पायरी 6 : अर्ज, नॉमिनेशन, तारखा

अर्ज निवृत्तीच्या आधी पेन्शन पेपरसोबतच दिला तर विक्री निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी पक्की होते. एकदा पक्की झाली की मागे घेता येत नाही, त्यामुळे मन द्विधा असेल तर आधी भरू नका. वर्षाच्या आत नंतरही अर्ज देता येतो, मेडिकल लागत नाही. फक्त तेव्हा पुढच्या वाढदिवसाचं वय बदललेलं नाही ना ते बघा, बदललं तर 59 ऐवजी 60 चा फॅक्टर 8.287 लागतो. भाऊसाहेबांच्या 12,000 वर हा फरक 12 हजारांचा, जीव जावा असा नाही, पण कळलेला बरा.

विक्रीचं नॉमिनेशन वेगळं असतं, ग्रॅच्युइटीच्या नॉमिनेशनवर विसंबू नका. विक्री पक्की झाल्यानंतर आणि पैसे हातात पडायच्या आधी पेन्शनर गेला तर ती रक्कम या नॉमिनीला मिळते. रकाना रिकामा असेल तर घरच्यांना वारस दाखल्याच्या फेऱ्या.

पैसे आल्यावर पासबुक आणि पेन्शन स्लिप शेजारी ठेवून दोन तारखा तपासा, रक्कम जमा झाली ती आणि 12,000 कापायला सुरुवात झाली ती. केंद्राच्या नियमात कपात पैसे मिळाल्या दिवसापासून, किंवा आदेश निघून तीन महिने झाले असतील तर तिथून, जे आधी असेल ते. प्रत्यक्षात कधी कधी पीपीओवर कमी पेन्शन छापून येते आणि ट्रेझरी तीच चालू करते, सीपीओचं बिल मात्र मागून निघतं, मग पैसे न मिळताच कपात झालेले दोन-चार महिने राहतात. हे स्लिपवर लगेच दिसतं : मूळ पेन्शनच्या ओळीत 18,000 आणि खात्यावर बारा लाख नाहीत. तेव्हाच कोषागारात लेखी अर्ज देऊन फरक मागा, पोच घ्या. त्याच वेळी महागाई भत्ता 30,000 वर लागलाय की 18,000 वर तेही बघा, ही चूक वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही कारण रक्कम दर वेळी बदलतच असते.

कपात सुरू झाल्याची तारीख पीपीओच्या आतल्या पानावर पेनने लिहून ठेवा आणि तिच्यात 15 वर्षं मिळवून पेन्शन पूर्ववत होण्याची तारीखही लिहा, घरच्यांना दाखवून ठेवा. ती तारीख जवळ आली की नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जाल तेव्हाच एक साधा अर्ज, पीपीओ आणि सीपीओची झेरॉक्स लावून, ट्रेझरीत देऊन या. दरम्यान बँक बदललेली असेल किंवा पेन्शन दुसऱ्या जिल्ह्यात नेली असेल तर जुना रेकॉर्ड आपोआप मागे येईल असं धरू नका. सोळाव्या वर्षीच्या पहिल्या स्लिपवर 12,000 ची कपात दिसली तर त्याच आठवड्यात जा, जास्तीचे कापलेले पैसे परत मिळतात, पण मागितल्यावर.